वेंगुर्ल्याच्या घरातला जिना: काळा ग्रॅनाइट, निघालेली पट्टी आणि स्क्रूचा आग्रह

घर वेंगुर्ल्याजवळचं, समुद्रापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. जुन्या चिऱ्याच्या घराला मागच्या बाजूने दुमजली वाढ केलेली. नव्या भागात खालून वर जाणारा जिना काळ्या, चकचकीत घोटलेल्या ग्रॅनाइटचा आहे, आणि वरच्या मजल्यावरून माळ्यावर जाणारा नऊ पायऱ्यांचा जुना लाकडी जिना तसाच ठेवलेला आहे. श्रावणात घरातल्या आजी ग्रॅनाइटच्या जिन्यावरून खाली येताना घसरल्या आणि मनगट मोडलं. चार दिवसांवर गणपती, घर पाहुण्यांनी भरणार, म्हणून घरमालकांनी मला बोलावलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: पायऱ्यांवर न घसरणारी पट्टी मे महिन्यातच लावून घेतली होती, ती निघाली, आता स्क्रू मारून कायमचं काहीतरी बसवा.

मी आधी जिना मोजला. रुंदी 1 मीटर, उठाव म्हणजे पायरीची उभी बाजू 165 मिलिमीटर, असे एकूण 17 उठाव, मध्ये एक चौक. पायरीची खोली 270 मिलिमीटर, पण त्यातले 25 मिलिमीटर खालच्या उठावाच्या पुढे आलेले, म्हणजे नाक. लादी 18 मिलिमीटर जाड आणि पुढची कड पूर्ण हाफ राउंड. खालची पायरी नाकाखाली झाकली जाते, त्यामुळे एका कडेपासून पुढच्या कडेपर्यंतचं खरं अंतर 245 मिलिमीटरच उरतं. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या जिन्यासाठी नाक सोडून किमान 250 सांगितलेले आहेत आणि उठाव 190 पेक्षा जास्त नको. इथे उठाव आरामशीर आहे, पाऊल ठेवायची जागा मात्र थोडी अपुरी. चढताना हे जाणवत नाही. उतरताना जाणवतं, कारण उतरताना टाच मागच्या उठावाला लागते, म्हणून आपण पाऊल पुढे सरकवून टाकतो आणि सगळा भार चवड्यावर, कडेच्या शेवटच्या पन्नासेक मिलिमीटरवर येतो. ती जागा इथे घोटलेली, पुढे गोल होत गेलेली आणि काळी होती.

पायरी काळी, उठावही काळा, आणि जिन्याच्या वळणावरची खिडकी समोरून प्रकाश टाकते. वरून पाहिलं तर एक पायरी कुठे संपते आणि पुढची कुठे सुरू होते, हे माझ्याही डोळ्यांना पटकन कळत नव्हतं. आजींना विचारलं, पाय कुठून सटकला? त्या म्हणाल्या, "माका कडच दिसणा नाय. सगळा काळाच दिसता." त्या खालून तिसऱ्या पायरीवर घसरल्या होत्या, आणि नेमका तिथेच कठडाही संपतो. म्हणजे काम दोन गोष्टींचं होतं: कडेवर पकड, आणि कड दिसणं. नुसती खरखरीत पट्टी यातलं पहिलंच करते, तेही योग्य जागी असली तर.

मे महिन्यातली पट्टी

जुनी पट्टी बाजारात रीळाने मिळते ती, 50 मिलिमीटर रुंद, काळी, सँडपेपरसारखी. पाच-सहा पायऱ्यांवर अजून टिकून होती, बाकी ठिकाणी कोपरे उचललेले. निघालेल्या पट्ट्या घरमालकांनी टाकल्या नव्हत्या, हे फार बरं झालं. पट्टी का निघाली हे तिची पाठ सांगते. गोंद सगळा पट्टीवर राहिला असेल आणि दगड स्वच्छ चकचकीत असेल, तर गोंद दगडाला कधी धरलाच नव्हता, मध्ये काहीतरी थर होता. गोंद दगडावर राहून वरचं कापड-प्लास्टिक सुटलं असेल, तर पट्टीचाच दर्जा हलका. आणि गोंद दुधी, पांढरट, लिबलिबीत झाला असेल, तर खालून किंवा कडेने पाणी शिरलं आहे.

इथे वरच्या पायऱ्यांवरच्या पट्ट्यांचा गोंद पूर्ण पट्टीवर होता. पांढऱ्या सुती फडक्यावर ॲसिटोन घेऊन दगड पुसला तर फडकं पिवळसर-करडं झालं. ते होतं मेणाचं पॉलिश. दगड बसवणाऱ्यांनी शेवटी चकाकीसाठी मारलेलं, आणि वर महिन्यामहिन्याने घरच्यांनीही मारलेलं. पट्टी मेणाला चिकटली होती, दगडाला नाही. सगळ्यात खालच्या पायरीची पट्टी मात्र दुधी झाली होती. ती पायरी भरावावर बसलेली आहे, तिच्या खाली माती आहे. त्या पायरीवर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेपने बंद करून रात्रभर ठेवला, सकाळी आतल्या बाजूला थेंब जमलेले. तिसऱ्या पायरीवर तसाच तुकडा कोरडा निघाला. म्हणजे एकाच जिन्यात पट्टी निघायची दोन वेगळी कारणं होती.

पट्टी नीट चिकटली असती तरी आजी घसरल्याच असत्या, असं माझं मत आहे. हाफ राउंड कडेवर ती बसत नाही म्हणून लावणाऱ्याने ती कडेपासून चांगली 50 मिलिमीटर मागे लावली होती. उतरताना चवडा ज्या जागेवर पडतो, ती जागा पट्टीच्या पुढे, उघडीच. पट्टीचे कोपरेही काटकोनात कापलेले. फडक्याने पुसताना फडकं नेमकं त्या टोकाला अडकतं आणि रोज थोडं थोडं उचलतं. कोपरे गोल कापले तर पट्टीचं आयुष्य सहज वाढतं. शिवाय ही जाड दाण्याची पट्टी घरात अनवाणी फिरणाऱ्यांसाठी नाहीच. घरच्या मुलांनी पाय खरचटतो म्हणून कडेकडेने उतरायची सवय लावून घेतली होती. घरात दाण्याऐवजी रबरासारखी, मऊ उठावाची पट्टी घ्यावी. ओल्या पावलालाही ती धरते आणि फडकं फाडत नाही.

गणपतीपुरती सोय म्हणून तशीच मऊ, फिक्या रंगाची पट्टी लावली. फक्त पुढच्या सपाट भागावर, जिथून गोलाई सुरू होते तिथपर्यंत आणून, मेण काढून, कोपरे गोल करून. कठडाही शेवटच्या पायरीच्या पुढे हातभर वाढवून घेतला. ही सोय तात्पुरती, हे सांगून ठेवलं होतं. ओल्या हवेत लावलेल्या चिकटपट्टीवर मी दोन पावसाळ्यांचा भरवसा ठेवत नाही.

स्क्रू की गोंद

कायमच्या कामासाठी घरमालकांच्या ओळखीचे मिस्त्री आले. त्यांचं मत ठाम होतं: ॲल्युमिनियमची एल पट्टी घ्या, हॅमर ड्रिलने भोकं पाडा, प्लास्टिकचे प्लग ठोका, स्क्रू आवळा. "स्क्रू म्हणजे पक्कं" ही समजूत कोकणात खोल रुजलेली आहे, आणि लाकडाच्या, चिऱ्याच्या कामात ती बरोबरही आहे. पण या पायरीत स्क्रू कुठे जाणार, हे पाहायला हवं. पुढच्या कडेपासून पहिले 25 मिलिमीटर हे लटकतं नाक. तिथे दगडाखाली काहीच नाही. बाजारातल्या साध्या पट्टीची भोकं कडेपासून 15-20 मिलिमीटरवर असतात, म्हणजे नेमकी नाकात. 18 मिलिमीटरच्या लटकत्या ग्रॅनाइटमध्ये हॅमर मारून भोक पाडलं की एक तर लगेच टवका उडतो, नाही तर डोळ्यांना न दिसणारी चीर राहते आणि सहा महिन्यांनी कोणीतरी गॅसचा सिलिंडर वर नेताना नाकाचा तुकडाच खाली येतो. आरपार गेलेल्या भोकात प्लगला धरायलाही काही नसतं.

स्क्रू मारायचाच असेल तर भोक उठावाच्या रेषेच्या मागे हवं, म्हणजे इथे कडेपासून निदान 40 मिलिमीटर, आणि पट्टी त्याहून रुंद. हॅमर बंद ठेवून, 6 मिलिमीटरच्या डायमंड बिटने, पाणी सोडत, सावकाश. तरीही एक प्रश्न उरतो: लादीखाली माल पूर्ण भरलेला आहे का? एक रुपयाच्या नाण्याने प्रत्येक पायरी टोकत गेलो. भरलेल्या जागी टणटणीत आवाज येतो, पोकळ जागी बद्द. सात पायऱ्या पुढच्या बाजूला बद्द वाजल्या. माल मध्ये ढीग करून टाकला आणि लादी वर दाबली की कडांना माल पोहोचत नाही, हे नेहमीचंच आहे. अशा जागी स्क्रू आवळला की दगड खाली वाकवला जातो, आणि ग्रॅनाइट वाकत नाही, फुटतो. पोकळीत भोकातून पुसायचं पाणीही जात राहतं.

मिस्त्रींना नाणं हातात देऊन दोन पायऱ्या टोकायला सांगितल्या. त्यांनी आणखी दोन स्वतःहून टोकल्या आणि स्क्रूचा आग्रह सोडला. कसबी माणूस आवाज ओळखतो.

म्हणून ग्रॅनाइटवर गोंद आणि माळ्याच्या लाकडी जिन्यावर स्क्रू, असं ठरलं.

काय बसवलं

पितळी पट्टी घरमालकिणींना आवडत होती, जुन्या घराला शोभतेही. पण घोटलेलं सपाट पितळ ओलं झालं की ग्रॅनाइटइतकंच निसरडं, आणि खाऱ्या हवेत दर आठवड्याला घासलं नाही तर हिरवट-काळं पडतं. पीव्हीसीची एल पट्टी स्वस्त आणि पायाला मऊ, पण खिडकीचं ऊन पडणाऱ्या पायऱ्यांवर ती काही वर्षांत कडक होऊन कोपऱ्यात तडकते. स्टेनलेस स्टील टिकतं, मात्र समुद्राजवळ 304 प्रतीच्या पत्र्यावरही चहासारखे डाग येतात, 316 घ्यावं लागतं आणि ते महाग. शेवटी ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमची एल पट्टी घेतली: वरचा भाग 50 मिलिमीटर, पुढचा भाग नाक झाकेल एवढा, आणि वरच्या खाचेत सरकवून बसवायची फिक्या पिवळ्या रंगाची रबरी पट्टी. रबर झिजलं की तेवढंच बदलता येतं, धातू उखडावा लागत नाही. काळ्या दगडावर फिका पिवळा रंग मंद उजेडातही उठून दिसतो.

खालच्या गोंदासकट पट्टीची एकूण जाडी 4 मिलिमीटर. ही जाडी सगळ्या पायऱ्यांवर सारखी चढली तर मधले सगळे उठाव 165 च राहतात, फक्त सगळ्यात खालचा 169 होतो. पण चौकाची कड आणि अगदी वरच्या मजल्याची कड यांवरही पट्टी हवीच. पुष्कळ ठिकाणी "ती पायरी नव्हे, जमीन आहे" म्हणून ती सोडतात. मग तिथला उठाव 161 होतो, आणि पायाला खालून सवय झालेली उंची शेवटच्या पावलाला चुकते. शिवाय उतरताना पहिलं पाऊल जिथून पडतं ती कडच उघडी राहते. म्हणून 16 पायऱ्या नव्हे, 17 कडा मोजल्या.

गोंदाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण चुका इथेच होतात. दोन भाग कालवून लावायचा इपॉक्सी ताकदीला उत्तम, पण वाळल्यावर काचेसारखा ताठ. ॲल्युमिनियम उन्हाने दगडापेक्षा बरंच जास्त फुगतं, दोनपट तरी. एक मीटरच्या पट्टीत हा फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी असतो, तरी रोज येतो आणि रोज जातो, वर पावलांचे धक्के. ताठ गोंद हळूहळू टोकाकडून सुटत येतो. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्त सिलिकॉन तर सिमेंट आणि बऱ्याच धातूंना मानवत नाही. आम्ही घेतला तो हायब्रिड पॉलिमर, बाजारात एमएस पॉलिमर म्हणून मिळतो, सिलिकॉनच्याच गनमधून निघतो आणि वाळल्यावर रबरासारखा लवचिक राहतो. तो हवेतल्या ओलाव्यानेच पिकतो, त्यामुळे कोकणातली दमट हवा त्याला चालते. चालत नाही ती दगडावरची पाण्याची झिलई. पावसाळ्यात गार लादीला घाम येतो, बोट फिरवलं की रेघ उमटते, तेव्हा कुठलाच गोंद लावू नये. म्हणून काम दसऱ्यानंतर, कोरडं ऊन पडू लागल्यावर, दुपारच्या वेळात घेतलं.

काम

मास्किंग टेपने प्रत्येक कडेवर पट्टीची जागा आखली. त्या जागेतलं मेण ॲसिटोनने, दर वेळी फडक्याची नवी बाजू घेत, फडकं पांढरं निघेपर्यंत पुसलं. खिडक्या उघड्या आणि देवघरातला दिवा विझवलेला, कारण ॲसिटोनची वाफ पेट घेते. मग तेवढ्याच भागाची चकाकी 120 नंबरच्या सिलिकॉन कार्बाइड पेपरने मोडली आणि पुन्हा एकदा पुसली. ग्रॅनाइट कठीण, त्यामुळे हात दुखतो, पण गोंदाला धरायला ओरखडे लागतात. ॲल्युमिनियमची पाठही तशीच घासून पुसली. पट्ट्या 990 मिलिमीटरच्या कापल्या, दोन्ही टोकांना 5 मिलिमीटर मोकळे. कापलेली टोकं कानशीने मारून बोटाने तपासली, कारण या घरात चप्पल उंबऱ्याबाहेर राहते आणि धातूची कूस थेट करंगळीला लागते.

गोंद कसा सोडायचा यावर मिस्त्रींशी थोडी चर्चा झाली. त्यांचा हात चौकटीसारखी बंद रेघ मारायचा, चारी कडांनी. पण धातू आणि ग्रॅनाइट दोन्ही हवा सोडत नाहीत. बंद चौकटीच्या आत ओलावा पोहोचत नाही आणि मधला गोंद आठवडे कच्चा राहतो. म्हणून पुढून मागे अशा आडव्या रेघा, साधारण 40 मिलिमीटरवर एक, म्हणजे मधून हवा खेळते. हाफ राउंड कड आणि एल पट्टीचा काटकोन यांच्यामध्ये जी त्रिकोणी पोकळी राहते, तिथे मात्र आधी सलग जाड रेघ भरली, नाही तर कडेवर पाय पडला की पट्टी आत वाजते आणि दबते. पट्टी बसवताना सगळा गोंद दाबून बाहेर काढायचा नाही. खाली मिलिमीटरभर जाडीचे प्लास्टिकचे तुकडे ठेवून तेवढा थर राखला, लवचिकपणा त्या थरातच असतो. एका कडेला 45 मिलिलिटरच्या आसपास गोंद लागला, 17 कडांना 290 मिलिलिटरच्या तीन नळ्या पुरल्या.

एकाआड एक पायरी करून जिना चालू ठेवावा, असं घरातल्या तरुणांनी सुचवलं. मोडलेल्या मनगटाच्या आजी असलेल्या घरात कोणी दोन-दोन पायऱ्या टाकत फिरावं, हे मला मान्य नव्हतं. जिना दोन दिवस पूर्ण बंद ठेवला, सगळे खाली झोपले. हा गोंद दिवसाला दोन-तीन मिलिमीटर आतपर्यंत पिकतो, त्या हिशोबाने दोन दिवसांनी हलकी वर्दळ आणि आठवड्याने जड सामान. पट्टीच्या मागच्या कडेला आणि टोकांना बंद करणारी रेघ आठवड्यानंतरच मारली आणि बोटाने उताराची केली, म्हणजे पायाला ठेच नाही आणि पुसायचं पाणी खाली शिरत नाही. सगळ्यात खालची, भरावावरची पायरी डिसेंबरपर्यंत थांबवली. प्लास्टिकचा तुकडा रात्रभर ठेवून कोरडा निघाला, त्या दिवशी ती केली.

माळ्याचा जिना

इथे फणसाच्या 32 मिलिमीटर जाड फळ्या आहेत, वर्षानुवर्षं तेल पाजलेल्या. तेलकट लाकडाला गोंद धरत नाही आणि धरलाच तरी लाकडाचं वरचं तेलच सुटतं. इथे स्क्रूच योग्य. तीच ॲल्युमिनियमची पट्टी, 4 मिलिमीटरचे, 25 लांबीचे, 316 प्रतीचे स्टेनलेस स्क्रू, डोकं पट्टीत बुडणारे. पूर्वी कोणीतरी इथे पत्र्याची पट्टी लोखंडी खिळ्यांनी ठोकली होती. प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं आणि खिळा गंजून फुगल्याने फळीला केसासारखी चीर गेलेली. ती भोकं लाकडी खुंट्या मारून बुजवली आणि नवी भोकं त्यांच्यापासून दूर घेतली.

फळीच्या रेषा पायरीच्या रुंदीत, म्हणजे कडेला समांतर धावतात. स्क्रूंची ओळ एकाच रेषेवर घेतली तर फळी त्या रेषेने फाटते. म्हणून एक पुढे, एक मागे, नागमोडी, साधारण 200 मिलिमीटरवर एक, टोकापासून 40 मिलिमीटर सोडून. प्रत्येकासाठी आधी 3 मिलिमीटरचं भोक. भोकात गोंदाचा एक थेंब, म्हणजे पाणी लाकडात उतरत नाही आणि स्टील व ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारं पाणी साचत नाही. ते साचलं की ॲल्युमिनियम खाल्लं जाऊन त्याची पांढरी भुकटी होते. पट्टी मोठी आणि स्क्रू लहान असल्यामुळे हे सावकाश होतं, पण समुद्राजवळ होतंच. शेवटचे दोन फेरे ड्रिलने नव्हे, हाती पेचकसने आवळले. जुन्या लाकडात मशीनने जास्त फिरवलं की लाकडात पडलेले आटे तुटतात आणि स्क्रू नुसता फिरत राहतो.

पुढच्या पावसाळ्यानंतर

यंदा पाऊस संपताना पुन्हा जाऊन पाहिलं. तपासायची पद्धत घरच्यांनाही दाखवली: पट्टी नाण्याने टोकायची, आवाज बदलला का बघायचं, आणि मागच्या कडेला पोस्टकार्डाचा कोपरा सरकवून पाहायचा. कार्ड आत गेलं की गोंद सुटू लागला. ग्रॅनाइटच्या सोळा कडा घट्ट आहेत. लाकडी जिन्यावर एक स्क्रू अर्धा फेरा सैल झाला होता, तो आवळला. रबरी पट्टीच्या रेघांमध्ये तांबडी माती बसून पिवळा रंग मळकट झाला आहे, तो नायलॉनच्या ब्रशने आणि साध्या साबणाने निघतो. फरशी पुसायच्या पाण्यात केरोसीन टाकायची इथे जुनी सवय आहे, ती जिन्यापुरती बंद करायला सांगितली, कारण रबर त्याने फुगून खाचेतून वर येतं. आणि जिन्यावर मेण पॉलिश पुन्हा मारायचं नाही, पट्टीच्या मागच्या भागावरही नाही.

खालच्या पायरीवर मात्र डाव्या टोकाला बोटभर लांबीत कार्ड आत जातं. ओल मातीतून येते आहे, ती कुठल्याही गोंदाने थांबणार नाही. टोक अजून हलत नाही, म्हणून सध्या फक्त कडेची रेघ खरवडून नवी मारली आहे. सुटणं वाढलं तर बारीक पोलादी तार पट्टीखालून करवतीसारखी ओढून ती काढायची, गोंद खरवडायचा आणि एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत परत बसवायची, असं घरमालकांशी बोलून ठेवलं आहे. त्याच वेळी घराबाहेरून त्या पायरीमागच्या भिंतीलगतची पन्हळ दुरुस्त करायची आहे. तिचं पाणी बरोबर त्या भरावावर पडतं.